मदत हवी आहे: पाइलचं डोकं कोणाच्या खात्यात?

खाडीकाठी: गुहागरकडे खाडीत छोटी जेट्टी बांधतोय. कामाची फोड म्हणजे डब्ल्यूबीएस आहे, शेड्यूल आहे, खर्च टॅलीत आहे. पण या तिन्हींची तोंडं तीन दिशांना. पाइलवाला इंजिनियर म्हणतो पाइलचं डोकं फोडायचं काम, म्हणजे चिपिंग, माझं नाही; पाइलवरची कॅप बांधणारा म्हणतो माझंही नाही. खर्च तर होऊन बसलाय. सोमवारी मालकांना उत्तर द्यायचंय. कंट्रोल अकाउंट कसं पाडायचं, पटकन सांगा.

जांभा_चिरा: एवढ्यावर काय सांगणार? पाइल किती, बजेट किती, काम कुठवर आलंय? चिपिंगचा रेट वेगळा धरला होता का?

नारळीबाग: आमच्या तारकर्लीच्या होमस्टेच्या वेळी मी बँकेत वेगळं खातंच उघडलं होतं. सगळे चेक त्यातूनच. आमचो ठेकेदार सरळ झालो. तुम्ही पण उघडा.

खाडीकाठी: काका, बँकेचं खातं नव्हे हो! कामाचा एक भाग, त्याचं बजेट, खर्च आणि जबाबदार माणूस एकत्र धरायचा, ते कंट्रोल अकाउंट.
जांभा, घ्या आकडे. 12 पाइल, प्रत्येकी 4 लाख, एकूण 48. आजपर्यंत 9 व्हायला हवे होते, 7 ओतून झालेत. खर्च 33 लाख. म्हणजे 28 चं काम 33 ला पडलं. पाइलवाला म्हणतो, चिपिंगचे दीड लाख माझ्यातून काढा.

बीओक्यू_भाऊ: सोपं आहे. बीओक्यू म्हणजे कामांची परिमाण-यादी, तिच्या प्रत्येक ओळीला एक कंट्रोल अकाउंट करा. चिपिंगचे दीड लाख कॅपच्या अकाउंटला टाका, मिटलं भांडण. आम्ही जयगडकडच्या कामावर असंच करायचो.

भरती_ओहोटी: भाऊ, खर्च हलवायचा आणि बजेट तिथंच ठेवायचं? मग पाइलवाला फुकट चांगला दिसेल आणि कॅपवाला फुकट वाईट. खाडीकाठी, 4 लाखांत चिपिंग धरलंय की नाही, तेवढं आधी सांगा. चिप किती झाले?

खाडीकाठी: एस्टिमेटच्या शीटमध्ये आत्ता बघितलं. पाइलमागे 20 हजार चिपिंग धरलंय. हे सांगायचं राहिलं. 5 पाइल चिप झालेत.

भरती_ओहोटी: इथंच गोम आहे. ट्रेमीच्या नळीने पाण्याखाली ओतताना वरचं काँक्रीट गाळ मिसळून कच्चं राहतं. म्हणून कट-ऑफ लेव्हलच्या वर जास्तीचं ओतून नंतर ते फोडतात. त्याशिवाय कॅप बसत नाही. मग पाइल ‘झाला’ कधी म्हणायचा, ओतल्यावर की फोडल्यावर? डब्ल्यूबीएसच्या डिक्शनरीत नेमकं हेच लिहायचं असतं. तुमच्याकडे नुसती नावं असणार.

मी अशी नोंद करीन:

2.1 पाइल. *समाविष्ट:* लायनर, बोअरिंग, पिंजरा, ओतकाम. *नाही:* चिपिंग. *पूर्ण कधी:* चाचणीत पास झाल्यावर. *जबाबदार:* पाइल इंजिनियर. *बजेट:* 12 × 3.80 = 45.60 लाख. *शेड्यूल:* पाइलच्या बाराही ओळी.

2.2 चिपिंग व कॅप. *जबाबदार:* कॅप इंजिनियर. चिपिंगचे 2.40 लाख कॅपच्या मूळ बजेटमध्ये मिळवा.

सातही पास आहेत असं धरून हिशेब करा. कमाई म्हणजे झालेल्या कामाचं बजेट. पाइलची कमाई 7 × 3.80 = 26.60, खर्च 33 वजा दीड म्हणजे 31.50, तोटा 4.90. चिपिंगची कमाई 5 × 0.20 = 1 लाख, खर्च दीड; तोटा 50 हजार. तुमचे 28 मुळात फुगलेले होते, खरी कमाई 27.60.

म्हणजे भांडण अर्ध्या लाखावर चाललंय आणि भोक पाच लाखांचं आहे. ते चिपिंगमध्ये नाही, 2.1 मध्येच आहे. प्रत्येक व्हाउचरवर 2.1 की 2.2 हा कोड पडू दे. टॅलीत कॉस्ट सेंटर लावता येतं. नुसतं ‘सिमेंट, मजुरी’ लिहिलं तर काही कळणार नाही.

बीओक्यू_भाऊ: पण माझ्या पद्धतीत चिपिंगचं अकाउंट वेगळं पडलं असतं. तेच तर म्हणतोय.

भरती_ओहोटी: पडलं असतं, मान्य. पण 2.40 लाखांसाठी वेगळा माणूस जबाबदार धरणार का? दोन्हीकडे तोच कॅप इंजिनियर. चिपिंग ही त्याच्या अकाउंटमधली एक वर्क पॅकेज. अकाउंट तिथं पाडायचं जिथं जबाबदार माणूस बदलतो.

जांभा_चिरा: आणि बजेट असं मागाहून हलवायचं तर तारीख घालून दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

नारळीबाग: आमच्याकडे सगळ्याला मीच जबाबदार.

खाडीकाठी: 4.90 चा मोठा भाग बार्जचा दिसतोय. ओहोटीला बार्ज उभी राहते, भाडं चालू. पण तीच बार्ज कॅपवाल्यालाही लागते. ती कुठं टाकू?

बीओक्यू_भाऊ: दिवसांवर वाटा.

भरती_ओहोटी: दिवसांवर वाटलीत तर उभ्या दिवसांचं काय? ते कोणाच्या नावावर? मी बार्ज वेगळ्या अकाउंटला ठेवून साइट मॅनेजरला जबाबदार धरीन, कारण बोलावतो आणि पाठवतो तोच.

जांभा_चिरा: नाही पटत. मग पाइलवाला बेफिकीर बार्ज अडवून ठेवेल.

खाडीकाठी: साइट मॅनेजर मीच आहे.