आधी पैसे, मग वस्तू

"मॅडमच्या निरोपाला कुणी हजार देईल, कुणाला शंभरही जड. भेट ठरवायची कशी?"

वस्तू आधी ठरवून भागाकार करू नका, तिथेच कमी पगाराच्या माणसाची कोंडी होते. एकाच विश्वासू व्यक्तीकडे ज्याने त्याने जमेल तेवढे द्यावे, यूपीआयवर किंवा हातात. आकडे तिच्यापाशीच राहावेत. ग्रुपवर फक्त एकूण रक्कम. समजा १२ जणांचे ६,४०० जमले. मग त्यात बसणाऱ्या तीनच गोष्टी पोलवर टाका: येवल्याची सेमी पैठणी, भांडी बाजारातली पितळी समई, मिक्सर. एकच निवडायला लावू नका, चालतील त्या सगळ्यांवर खूण करू द्या. पैठणीला ७, समईला १०, मिक्सरला ५ आले तर समई. शंभरवाल्याचं मतही पूर्ण एक धरायचं. कार्डावर सगळ्यांची नावं, रकमा नाहीत. आणि खरेदीचं बिल मात्र ग्रुपवर नक्की टाका.