मदत हवी आहे: विषयाखालच्या ओळीत काय लिहावं?

बेळगावात आमचं मिठाईचं दुकान आहे, दिवाळीआधी जुन्या गिऱ्हाईकांना मेल पाठवतो. विषय आहे ‘दिवाळीचा कुंदा: ऑर्डर सुरू’. इनबॉक्समध्ये त्याच्यापुढे दिसायचं, ‘नमस्कार, कुंद्याची ऑर्डर सुरू झाली आहे’. म्हणजे तेच परत!

आता प्रिव्ह्यू टेक्स्ट वेगळा दिलाय, ‘खानापूर, निपाणीला घरपोच; शनिवारपर्यंत कळवा’. `<body>` उघडल्यावर लगेच हा लपवलेला डिव्ह आहे:

```html
<div style="display:none">खानापूर, निपाणीला घरपोच; शनिवारपर्यंत कळवा</div>
```

जीमेलमध्ये तो येतो, पण ओळ छोटी असल्याने मागोमाग ‘मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’ हेही चिकटतं. डिव्हमध्येच मजकुरानंतर `&zwnj;&nbsp;` पुन्हापुन्हा भरल्यावर ते गेलं. मजकूर लांबवायचा नाही, फोनवर ओळ मध्येच तुटते.

लपवलेला मजकूर मेल उघडल्यावर दिसत नाही, म्हणून शनिवारची मुदत आतही लिहावी लागते. मग ‘नीट दिसत नसेल’ची लिंक तळाशी नेली, नमस्कार काढला आणि घरपोचचं वाक्यच मेलची पहिली दिसणारी ओळ केली, तर लपवलेला डिव्ह काढून टाकता येईल का? वर लोगोचं चित्र आहे. त्याचा ऑल्ट टेक्स्ट त्या ओळीच्या आधी घुसेल का? आणि फोनवर तुटणारच असेल तर आधी काय ठेवू, गावं की शनिवार?