मदत हवी आहे: पावसाळ्यात पुठ्ठा साठवावा की लगेच विकावा?

साकीनाक्याला 400 चौरस फुटांच्या गाळ्यात पुठ्ठ्याचं भंगार सुरू करतोय. हिशोब असा: खरेदी किलोला 12, निवड, गठ्ठे आणि वापीपर्यंतचं भाडं मिळून अडीच, मिलचा भाव 16. म्हणजे सुटतात दीड रुपये. माल ओला निघाला आणि मिलने 6 टक्के वजन कापलं, तर जवळजवळ एक रुपया तिथेच जातो. त्यात भाव रुपयाने उतरला की तोटाच. म्हणून भाववाढीसाठी माल धरून ठेवणं धोक्याचं वाटतं.

गठ्ठे लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवले तर ओल थांबते का? खरेदीवेळी ओलाव्याची कपात कशी ठरवता? आणि महापालिकेचा कलम 394 चा साठवण परवाना काढताना अग्निशमनाच्या कोणत्या अटी आड येतात? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.