बिलिंग प्रिंटरमधून कोऱ्या पावत्या येताहेत, काय करावं?

खानापूर_किराणा: नमस्कार मंडळी. दुकानात ८० मिमीचा थर्मल प्रिंटर आहे. कालपासून बिल मारलं की कागद सरकतो, कटरने कापला जातो, पण पावती पूर्ण कोरी! परवा कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि रोलचा नवा बॉक्सही त्याच दिवशी उघडला. रविवारी बाजाराचं गिऱ्हाईक असतं, हातानं बिलं लिहून बोटं दुखली. बेळगावला दुरुस्तीला पाठवायच्या आधी घरी काय बघता येईल?

निपाणी_मेडिकल: सेटिंगमध्ये जाऊन `Density` वाढवा. माझ्याकडे फिक्कं येत होतं, वाढवल्यावर काळंभोर यायला लागलं.

टिळकवाडी_काउंटर: फिक्कं आणि कोरं यात फरक आहे. अक्षरं पुसट दिसत असतील तर `Density` कामाला येते. काहीच उमटत नसेल तर ती वाढवून हाती काही लागणार नाही, उलट कायम वर ठेवली की हेड जास्त तापतं आणि लवकर झिजतं.

खानापूरकर, आधी कॉम्प्युटर बाजूला ठेवा. प्रिंटर बंद करा, फीडचं बटण दाबून धरा, तसंच धरून चालू करा. बऱ्याच मॉडेलमध्ये प्रिंटर स्वतःची चाचणी पावती काढतो. ती नीट आली तर दोष ड्रायव्हरकडे किंवा सॉफ्टवेअरकडे. तीही कोरी आली तर कागद नाहीतर हेड, ड्रायव्हरला हात लावू नका.

चिकोडी_हॉटेल: आमच्याकडच्या बिलांवरची अक्षरं दोन महिन्यांत उडून जातात, हिशेबनीस ओरडतात. हाच प्रॉब्लेम का?

टिळकवाडी_काउंटर: नाही काका, तुमची छापली जाताहेत, नंतर उडताहेत. ऊन, उष्णता आणि प्लास्टिकच्या फाइलीमुळे थर्मल कागदावरची अक्षरं उडतात. हिशेबाला लागणाऱ्या बिलांची लगेच झेरॉक्स काढून ठेवा.

खानापूर_किराणा: चाचणी पावतीही कोरीच आली सर.

टिळकवाडी_काउंटर: मग रोल बाहेर काढा आणि कागदाच्या दोन्ही बाजूंवर नखानं जोरात ओरखडा मारा. ज्या बाजूला काळी रेघ उठेल तीच छापायची बाजू. या कागदावर शाई नसतेच, त्या बाजूच्या लेपाला उष्णता लागली की तो काळा होतो. ती बाजू हेडला टेकायला हवी. झाकण उघडलं की रबरी रोलर बहुतेक झाकणाला असतो आणि हेडची पट्टी त्याच्या समोर खालच्या भागात. रोल कसा बसवायचा याचं चित्र झाकणाच्या आत असतं, पण ते लेप बाहेरच्या अंगाला असलेल्या रोलसाठी. काही रोलना लेप आतल्या अंगाला असतो, ते चित्राप्रमाणे बसवले की कोरंच येणार. कुठल्याच बाजूला रेघ उठली नाही तर तो थर्मल कागदच नव्हे, दुकानदाराला परत करा.

खानापूर_किराणा: हो की ओ! रेघ आतल्या बाजूला उठली. रोल उलटा बसवला आणि छापायला लागला. पण डावीकडे एक पट्टा पुसट आहे, आणि मधे वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ.

टिळकवाडी_काउंटर: आता हेड. प्रिंटर बंद करून वायर काढा, हेड गार होऊ दे. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेडच्या बारीक काळसर पट्टीवरून एकाच दिशेनं हळू फिरवा, काडी मळली की बदला. ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर, सँडपेपर अजिबात नको, आणि पट्टीला बोटही लावू नका. पूर्ण वाळल्यावरच झाकण लावा. रबरी रोलरवर कागदाचा चुरा बसला असेल तर तोही पुसून घ्या.

पुसट पट्टा मळामुळे असला तर जाईल. पांढरी रेघ त्याच जागी राहिली तर तिथले ठिपके जळालेत, त्याला हेड बदलण्याशिवाय उपाय नाही. दुसरा प्रिंटर घेणं परवडतं का ते मग बघा.

खानापूर_किराणा: पट्टा गेला, रेघ राहिली. पण बिल वाचता येतंय, तेवढ्यावर भागेल. आता नवीनच: आकडे आणि इंग्रजी बरोबर येतं, मालाची मराठी आणि कन्नड नावं मात्र गायब. ‘तांदूळ’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

निपाणी_मेडिकल: फॉन्ट उडाला असेल, फॉन्ट टाका.

टिळकवाडी_काउंटर: स्क्रीनवर नाव नीट दिसत असेल तर फॉन्ट आहेच. फॉरमॅटनंतर विंडोजमध्ये `Generic / Text Only` ड्रायव्हर बसलाय का बघा. तो नुसती अक्षरं पाठवतो, आणि प्रिंटरच्या स्वतःच्या संचात देवनागरी किंवा कन्नड सहसा नसतं. कंपनीचा, तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाका, तो अख्खं बिल चित्र म्हणून पाठवतो. मग `Printing preferences` मध्ये कागद ८० मिमी ठेवा आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तोच प्रिंटर निवडा. सॉफ्टवेअरमध्ये ‘टेक्स्ट मोड’ असा पर्याय असेल तर तो बंद करा.

खानापूर_किराणा: टेक्स्ट ओन्लीच होता. कंपनीचा टाकल्यावर तांदूळ, गूळ, शेंगदाणे सगळं आलं, आभारी आहे. फक्त कन्नडमधलं ‘ಅಕ್ಕಿ’ येताना खाली जोडलेलं अक्षर अर्धं कापलं जातंय. मराठी बरोबर येतं.

टिळकवाडी_काउंटर: ओळीची उंची कमी पडत असावी. बिलाच्या डिझाइनमध्ये ओळींतलं अंतर वाढवता येतं का?

खानापूर_किराणा: तो पर्याय सापडत नाही. सीमाभागात कन्नड बिलं काढणारं कुणी असेल तर सांगा, कुठला फॉन्ट ठेवलाय?