मदत हवी आहे: मित्राच्या हळदीत त्याची खेचायचीय, पंच बसत नाहीये

मिरजेचा_पिंट्या: मंडळी, शनिवारी सांगलीत जिगरी दोस्ताची हळद आहे आणि पाच मिनिटं माईकवर त्याची खेचायचं काम माझ्याकडं आलंय. गडी कधीच वेळेवर येत नाही, फोन केला की "पाच मिनिटांत आलो" आणि मागं बाथरूमच्या नळाचा आवाज. मी लिहिलंय, "हा इतका स्लो आहे की कासव पण याच्या पुढं जाईल." घरी वाचून दाखवलं, कोण हसंना. काय करू?

भडंगवाला: अजून मोठं फेक की. दोन तास उशीर असेल तर दोन वर्षं म्हण.

कृष्णाकाठ: फेकायचं बरोबर, पण नुसता आकडा वाढवून भागत नाही. कासव म्हटलं की पुढचं लोकांना आधीच कळतं. आणि "दोन तास उशिरा येतो" हे खरं घडू शकतं, मग ती तक्रार होते आणि नवरीकडचे खरं धरून बसतात. कुणालाच खरं वाटणार नाही इतकं पुढं जा, पण निघायचं खऱ्या गोष्टीपासनं.

त्याचंच वाक्य घे, "पाच मिनिटांत आलो". ते सगळ्यांनी ऐकलंय. मग घड्याळ सोड आणि तेवढ्यात जगात काय काय उरकलं ते मोज, तेही जे मुळातच रखडतं असं. आपल्याकडं पूर आहेच की. वहीत चिक्कार लिही, त्यातलं चढत जाणारं तेवढंच ठेव आणि शेवटी एकदम बारक्या गोष्टीवर आपट:

"आयर्विन पुलाला पाणी 40 फुटांवर होतं तेव्हा हा म्हणाला, पाच मिनिटांत आलो. 45 झालं, पूर ओसरला, पंचनामे झाले, अनुदान खात्यावर आलं. हा अजून टॉवेल शोधतोय."

अनुदान पंचनाम्याच्या आधी टाकून बघ, चढ मोडतो. टॉवेलनंतर एक शब्द बोलू नको. आणि चेहरा कोरा ठेव, बतावणीत सोंगाड्या हसत नाही.

सातारी_बाणा: माझ्या लग्नात मित्रांनी टकलावरनं इतकं धुतलं की सासरे अजून विचारतात, औषध चालू आहे का. उलट काय बोलू सांगा.

कृष्णाकाठ: दादा, तुमचा वेगळा धागा काढा 😄 पण टक्कल काय कुणाच्या हातात नसतं, म्हणून ते लागतं. उशीर हा स्वतः करतो.

हरिपूरकर: 2019 ला आमच्या घरात पाणी होतं. अनुदानावर मी तर हसणार नाही.

कृष्णाकाठ: आमच्याही होतं, आम्ही त्यावरच हसतो. पण मांडवात कोण बसणार ते पिंट्यालाच माहीत.

मिरजेचा_पिंट्या: नवरीकडचे नदीकाठचेच आहेत, रिस्क नको. हे कसं वाटतंय? "मिरजेत नॅरोगेज होती तेव्हा म्हणाला पाच मिनिटांत आलो. ब्रॉडगेज झाली, वर विजेच्या तारा आल्या. हा अजून टॉवेल शोधतोय."

भडंगवाला: हे भारी! आता विमानतळ पण टाक.

कृष्णाकाठ: विमानतळ नको, तिथं लांबतंय. बाकी रेल्वेवाले हसतील, पोरंसोरं नॅरोगेज म्हणजे काय विचारतील. पुराचंच जास्त बसतं राव.