ताबा सोमवारी, सुविधा अर्धवट. बिल्डरकडून तारखांसह लेखी यादी कशी मागायची?

पर्वरी_बी_विंग
सोमवारी चावी घ्यायला बोलावलंय. काल जाऊन बघितलं तर करारात लिहिलेल्या निम्म्या गोष्टी नाहीत. ऑफिसातला माणूस म्हणतो, ‘चवथीपूर्वी सगळं होईल.’ मला तोंडी नको. काय बाकी आहे आणि कधी देणार, हे त्यांच्या सहीने कागदावर हवंय. पत्रात नेमकं काय लिहायचं? तयार मसुदा असेल तर टाका. कायद्याचं व्याख्यान नको, वेळ नाही.

कागदपत्री
मसुदा देतो, पण आधी चार गोष्टी सांगा. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आलंय का? असल्यास दोन्ही विंगचं की एकाच? करार सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला आहे का? रेराचा नोंदणी क्रमांक काय? आणि ‘निम्म्या गोष्टी’ म्हणजे कुठल्या? त्यावरच सगळं पत्र उभं राहतं.

कुळागर७
एवढं कशाला? ताबा घेऊच नका. ऑक्युपन्सी म्हणजे सगळं पूर्ण झाल्याचा सरकारी दाखला. सुविधा नसताना तो मिळाला असेल तर पंचायतीत अर्ज करा, दाखला रद्द होईल आणि बिल्डर धावत येईल.

कागदपत्री
कुळागर, अर्धं बरोबर आहे. गोव्यात आधी नगरनियोजन खातं किंवा पीडीए काम मंजूर नकाशाप्रमाणे झालंय का ते बघतं आणि पूर्णत्वाचा दाखला देतं. त्यानंतर पंचायत किंवा पालिका ऑक्युपन्सी देते. यात बघितलं जातं ते हद्दीपासूनचं अंतर, उंची, पार्किंग, सांडपाण्याची सोय असलं. जिममध्ये यंत्रं आली का, तरणतलावाचा पंप बसला का, हे कोणी तपासत नाही. म्हणून ऑक्युपन्सी खरी असूनही सुविधा अपूर्ण राहू शकतात.

शिवाय रेरा कायद्याचं कलम १९(१०) सांगतं की ऑक्युपन्सीनंतर दोन महिन्यांत ग्राहकाने ताबा घ्यायचा आहे. नुसतं ‘घेत नाही’ म्हणून बसलात तर बिल्डर उलट तुम्हालाच पत्र लिहील आणि देखभालीचे पैसेही लावू बघेल. ताबा घ्या, पण यादीसह घ्या.

पर्वरी_बी_विंग
ऑक्युपन्सी दोन्ही विंगची आहे. करार नोंदवलेला आहे. रेरा नंबर फाईलवर आहे. बाकी असलेलं: बी विंगला दोन लिफ्ट लिहिल्यात, एकच चालू आहे. जनरेटर चौथऱ्यावर आणून ठेवलाय, पण केबलच नाही. तलावाला टाइल्स लागल्या, पाणी नाही. क्लबहाऊसचा फक्त चौथरा आहे. ब्रोशरमध्ये जिम आणि ईव्ही चार्जिंग होतं, करारात ते सापडत नाही.

म्हावशेकर
विषय काढलाच आहे तर विचारते, ताबा मिळाल्यावर पंचायतीत घरपट्टी नावावर करायला काय काय लागतं? विक्रीखत लागतं की ताबापत्र चालतं?

खारफुटी
म्हावशेकर ताई, वेगळा धागा काढा. इथे ते हरवून जाईल.

कागदपत्री
आता काम सोपं झालं. पत्र रेराच्या पानावर ज्या फर्मचं नाव प्रवर्तक म्हणून आहे तिच्या नावे लिहा, विक्री ऑफिसच्या नावे नको. बऱ्याचदा फलकावरचं नाव एक आणि नोंदणीतली फर्म वेगळी असते, मग बिल्डर म्हणतो, ‘पत्र आम्हाला नव्हतंच.’ rera.goa.gov.in वर प्रकल्प शोधा. PRGO ने सुरू होणारा क्रमांक तिथे असतो. पानाची तारखेसह प्रिंट काढून ठेवा, कारण पूर्णत्वाची तारीख आणि नोंदवलेल्या सुविधा तिथे दिसतात आणि माहिती नंतर बदलली जाऊ शकते.

यादीच्या तक्त्याला चार रकाने पुरतात: सुविधा, ती कुठे कबूल केली, आज काय अवस्था आहे, काय झालं की पूर्ण मानू. पाचवा, तारखेचा रकाना रिकामा सोडा. तो बिल्डरने भरायचा.

खरी मेख चौथ्या रकान्यात आहे. ‘जनरेटर द्यावा’ असं लिहिलंत तर चौथऱ्यावर ठेवलेला जनरेटर दाखवून ते ‘दिला’ म्हणतील. म्हणून असं लिहा: ‘मुख्य वीजपुरवठा बंद केल्यावर जनरेटर आपोआप सुरू होऊन बी विंगच्या दोन्ही लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे अर्धा तास चालवून दाखवणे.’ केबल, चेंजओव्हर पॅनल, धुराड्याचा पाइप हे सगळं त्यात आपोआप येतं. हे काम बहुधा अडतं कारण जनरेटर एका पुरवठादाराचा आणि पॅनल-केबल विजेच्या ठेकेदाराकडची. ठेकेदाराचं बिल थकलं की जनरेटर तसाच पडून.

लिफ्टचंही तसंच. ‘बसवली’ म्हणजे चालू नव्हे. सरकारी परवाना मिळून लोकांना वापरायला खुली, असं लिहा.

खारफुटी
तलावाचं मी सांगतो, तिथे लोक हमखास फसतात. पाणी भरून निळं दिसलं की सगळे खूश. गाळणीची मोटर आहे का, ती किती पाणी फिरवते, ते बघायचं. समजा तलाव १० मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे ४८ घनमीटर, ४८,००० लिटर. सगळं पाणी सहा तासांत एकदा गाळून निघायला तासाला ८,००० लिटरचा पंप हवा. आणलेल्या पंपाच्या प्लेटवर ३,००० असेल तर पाणी सोळा तासांत एकदा फिरतं, आणि आपल्या उन्हात ते आठवड्याभरात हिरवं होतं. यादीत ‘तलाव’ न लिहिता ‘पंप, गाळणी, तळाच्या जाळीचं झाकण, खोलीचे आकडे, आणि सलग सात दिवस चालवून दाखवणे’ असं लिहा.

कुळागर७
पावसात टाइल्सच्या फटी भरणं आणि गळती-चाचणी होत नाही. बिल्डर हेच सांगणार.

खारफुटी
ते खरं. म्हणून तलावाची तारीख पावसानंतरची मान्य करायला हरकत नाही, पण तारीख हवी. ‘पावसाळ्यानंतर’ नको. क्लबहाऊसला तर टप्पे मागा: छत अमुक दिवशी, विजेचं काम अमुक, हस्तांतरण अमुक. नुसती शेवटची तारीख दिली तर ती उलटेपर्यंत काम सुरूच झालं नाही हे कळत नाही.

रानमोगरा
माझ्या मास्टर बाथरूमच्या भिंतीला आतापासूनच ओल दिसते. तेही याच यादीत टाकू का? बिल्डर म्हणतो, रंग मारून देतो.

कागदपत्री
रानमोगरा, वेगळ्या पानावर. तुमचा दोष झालेल्या कामातला आहे आणि इथला प्रश्न न झालेल्या कामाचा. दोन्ही मिसळले की ओल पुसून ‘यादीतलं निम्मं झालं’ असं बिल्डर दाखवतो. तुमच्यासाठी कलम १४(३) आहे. ताब्यापासून पाच वर्षांत दोष कळवला की बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. आणि रंग नको, ओल कुठून येते ते शोधून बंद करायला लावा.

सत्तरीची_वाट
त्याच कलमात ‘सेवांची तरतूद’ आणि ‘करारातली इतर कर्तव्यं’ असे शब्द आहेत. मग जनरेटर, लिफ्टसाठीही ३० दिवस का मागू नयेत?

कागदपत्री
मागावेत. सुरुवातच झाली नाही अशा क्लबहाऊसला ते कितपत लागू पडतं, यावर मतं वेगळी असतील. म्हणून पत्रात कलम उद्धृत करा, पण सगळा भार त्यावर टाकू नका.

पर्वरी_बी_विंग
जिम आणि ईव्ही चार्जिंगचं काय? करारात नाही म्हणजे गेलं?

कागदपत्री
गेलं नाही, फक्त पुरावा वेगळा लागतो. कलम १२ जाहिरात आणि माहितीपत्रकातल्या खोट्या विधानांवर आहे. ब्रोशरचं पान, कधी आणि कोणाकडून मिळालं, ईमेल असेल तर तो, हे जोडा. पण ‘चित्र प्रतीकात्मक’ अशी ओळ ब्रोशरवर असेल तर बिल्डर तिचाच आधार घेईल. अशा बाबी यादीत खाली, वेगळ्या मथळ्याखाली ठेवा. करारातल्या मुद्द्यांशी मिसळल्या तर त्यांना वाद घालायला सोपी जागा मिळते.

एक तपासाच. क्लबहाऊस तुमच्याच टप्प्याच्या रेरा नोंदणीत आहे की दुसऱ्या टप्प्याच्या? प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असू शकते. दुसऱ्यात असेल तर त्याची पूर्णत्वाची तारीख तिथली धरली जाईल, तुमची नाही.

मजकूर असा ठेवा:

‘फ्लॅट क्रमांक ___, बी विंग, नोंदवलेला करार दि. ___, रेरा क्रमांक ___. दि. ___ रोजी पाहणी केली असता सोबतच्या तक्त्यातील सुविधा अपूर्ण आढळल्या. प्रत्येक बाबीसमोर पूर्ण करण्याची दिनांकित तारीख लिहून, अधिकृत व्यक्तीच्या सही-शिक्क्यासह दहा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. एखाद्या बाबीस सरकारी परवानगी बाकी असल्यास अर्जाची प्रत व आवक क्रमांक द्यावा. ताबा वरील बाबी बाकी असल्याच्या नोंदीसह स्वीकारत असून त्या पूर्ण झाल्या असे समजू नये.’

आवक क्रमांकाची ओळ गाळू नका. ‘परवानगी अडली’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी अर्जच केलेला नसतो.

सत्तरीची_वाट
आणि सोमवारी ताबापत्र नीट वाचा. ‘सर्व सुविधा समाधानकारकरीत्या मिळाल्या’ अशी ओळ बऱ्याचदा छापलेली असते. ती खोडा, बाजूला ‘सोबतच्या यादीप्रमाणे बाकी’ लिहा आणि दोघांच्या आद्याक्षरी सह्या घ्या. खोडू देत नसतील तर चावी घेण्याआधी त्याच दिवशी यादी ईमेल करा. वेळ नोंदली जाते.

कुळागर७
मी तर म्हणेन शेवटचा हप्ता अडवून ठेवा. पैशाशिवाय बिल्डर हलत नाही.

सत्तरीची_वाट
हप्ता ताब्यावर देय असेल तर उशिराचं व्याज तुम्हालाच लागेल. करारात हप्ता लिफ्ट बसवण्याशी जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी. वेळापत्रक न वाचता असला सल्ला देऊ नये.

कुळागर७
व्याज परवडतं, क्लबहाऊस नसलेलं नाही.

कागदपत्री
दोघांचं ऐकून घ्या, पण आधी करारातलं हप्त्यांचं शेड्युल वाचा. पत्र एकट्याने न पाठवता बी विंगमधले जितके मिळतील तितक्यांच्या सह्या घ्या. सामाईक सुविधांसाठी पंधरा फ्लॅटचं पत्र वेगळं वजन ठेवतं. पोच असलेल्या स्पीड पोस्टने आणि ईमेलने, दोन्ही पाठवा.

पर्वरी_बी_विंग
पाठवलं. अकरा जणांच्या सह्या झाल्या. उत्तर आलंय, लिफ्टपुढे ३० सप्टेंबर, जनरेटरपुढे १५ ऑक्टोबर. तलाव आणि क्लबहाऊससमोर ‘योग्य वेळी’ लिहिलंय. जिमचा उल्लेखच नाही.

कागदपत्री
मिळालेल्या दोन तारखा पक्क्या समजा आणि उत्तर जपून ठेवा. बाकी दोन बाबींसाठी लगेच दुसरं पत्र: ‘“योग्य वेळी” ही तारीख नाही, सात दिवसांत तारीख कळवावी.’ जिमबद्दल काहीच लिहिलं नाही, हेही त्याच पत्रात नमूद करा. ते उत्तर आलं नाही तर दोन्ही पत्रं जोडून कलम ३१ खाली गोवा रेराकडे तक्रार करता येते.

म्हावशेकर
घरपट्टीचं कोणीच सांगितलं नाही.