‘एवढं करून दे ना’ : घेत राहणारे ओळखीचे आणि नात्याची नवी घडी

सांजवात : मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करते. शाळेतला एक मित्र पुण्यात नोकरीला आहे. त्याचं रिटर्न मी पूर्वीपासून भरते, मैत्रीखातर, पैसे न घेता. सुरुवातीला फक्त फॉर्म १६ असायचा, अर्ध्या तासाचं काम. मग बायकोचं आलं, मग सासऱ्यांचं. मग त्याने म्युच्युअल फंड विकायला सुरुवात केली. २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्याचे दर बदलले, त्यामुळे त्या वर्षी आधीची आणि नंतरची विक्री वेगळी काढावी लागली. फंडांची स्टेटमेंट्स त्याने पाठवली शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री. कराचा परतावा अपेक्षेपेक्षा कमी आला, तर फोन मला: ‘तू नीट बघितलं नाहीस का?’

मुलीला पुण्यात कॉलेज मिळालं तेव्हा मी त्याला एकच विचारलं होतं, तुझ्या भागातली मुलींची दोन-तीन वसतिगृहं बघून सांगशील का? ‘बघतो’ म्हणाला. पुढे काहीच नाही.

मैत्री तोडायची नाही. त्याची आई मला लेकीसारखी वागवते. पण हे असंच चालू ठेवायचं नाही. तुमच्यापैकी कुणी असं नातं न भांडता सरळ केलं असेल तर नक्की काय बोललात, कधी बोललात, पुढे काय झालं, ते लिहा.

देशपांडेकाका_मिरज : मी बँकेत होतो. जामीन राहा, कर्जाचे कागद बघून दे, अशा मागण्या आयुष्यभर आल्या. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, वेळ. तो काम घेऊन दारात उभा असताना नियम सांगितला की तो नकार वाटतो, आणि त्याची अडचण खरी असल्यामुळे वाईट तुम्हीच ठरता. तुमचा हंगाम जून-जुलै. म्हणजे बोलायचं एप्रिल-मे मध्ये, त्याच्या हातात दुसरीकडे जायला वेळ असताना. आता मे चालू आहे, हीच वेळ.

दुसरी, मागचा हिशेब काढू नका. ‘मी एवढी वर्षं केलं’ म्हटलं की तो एकेक प्रसंग घेऊन वाद घालेल, आणि त्याला आठवणारं त्याचं स्वतःचं देणं तुम्हाला आठवत नसेल. फक्त यापुढचं सांगा. काय कराल, किती तारखेपर्यंत कागद मिळाले तर कराल, कशाचे पैसे घ्याल, आणि हे नको असेल तर दुसरं कोण आहे. हा शेवटचा भाग गाळू नका. पर्याय हातात दिला की माणूस अडला असं होत नाही, आणि तुम्हालाही अपराधी वाटत नाही.

आणि एक विचारतो. वसतिगृहाचं तुम्ही कधीपर्यंत हवं ते सांगितलं होतंत का? काही माणसांना मोघम सांगितलेलं कामच वाटत नाही. नातं बदलायच्या आधी एकदा नेमकं काम, नेमकी तारीख देऊन मागून बघा. त्यानेही नाही केलं तर मग शंका उरत नाही.

निळासावळा : माझं क्रेडिट कार्डाचं. ऑफिसातला एक जण मोबाइल, फ्रीज, सगळं माझ्या कार्डावर हप्त्यांत घ्यायचा. हप्ता देतो, पण दरवेळी आठवण करून द्यावी लागते, आणि देय तारीख गेली तर दंड नि सिबिल स्कोअर माझा. मी सांगितलं, ‘घराच्या कर्जासाठी अर्ज करायचाय, कार्डावर बाकी दिसायला नको, आता कुणासाठीच वापरणार नाही.’ खरंच करायचा होता. ‘कुणासाठीच’ या शब्दाने काम केलं, त्याला वैयक्तिक लागलं नाही. डबा अजून एकत्र खातो.

तसंही त्याने खात्यात टाकलेले पैसे आपलं उत्पन्न धरतात आणि त्यावर कर लागतो, म्हणून हे बंद केलेलंच बरं.

सांजवात : @निळासावळा, खरेदीचे परत आलेले पैसे उत्पन्न नसतात, त्यावर कर नाही. पण वर्षभरात कार्डाची बिलं मिळून १० लाख किंवा जास्त भरली गेली तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. मग एवढा खर्च कुठून केला हे तुम्हाला विचारलं जाऊ शकतं. तेव्हा कुणी काय घेतलं नि किती परत केलं याची नोंद जपून ठेवा.

गौरीची_आई : माझ्या मामेभावाने ६०,००० नेले, दोन वर्षं होत आली, देतच नाही. गोड बोलून कसे काढायचे?

देशपांडेकाका_मिरज : ताई, हा विषय वेगळा. ते उपकार नाहीत, उसने पैसे आहेत. वसुलीचा दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, म्हणून वेळ घालवू नका. रक्कम आणि तारीख घालून ‘एवढे देणं आहे’ असं त्याच्या सहीनिशी लिहून घ्या. मुदतीच्या आत अशी लेखी कबुली मिळाली की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. पैसे बँकेतून दिले असतील तर तो उताराही काढून ठेवा. नाराजी येईल या भीतीने गप्प राहिलात तर पैसे जातील, नि मनात अढी राहील ती वेगळीच.

पाऊलवाट : काकांचं पटतं, पण दरवेळी गोड शेवट होतो असं नाही. सोसायटीतल्या एकीच्या मुलाला मी रोज शाळेत सोडायचे. तिची पाळी कधी येतच नव्हती. सुट्टीत, शाळा सुरू व्हायच्या आधी सांगितलं, ‘या वर्षी सोमवार ते बुधवार मी, गुरुवार-शुक्रवार तू. जमत नसेल तर व्हॅनवाल्याचा नंबर देते.’ तिने व्हॅन लावली. तेव्हापासून जिन्यात भेटली तर मान हलवते, एवढंच. मी योग्य तेच केलं, तरी मुलांचं एकत्र खेळणं कमी झालं याचं वाईट वाटतं.

सांजवात : काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी मागून बघितलं. ‘मुलीला वसतिगृह बदलायचंय, रविवारपर्यंत एक जागा बघून फोटो पाठव.’ रविवार गेला. बुधवारी विचारलं तर ‘अगं, राहूनच गेलं.’ मग हा मेसेज टाकला:

‘या वर्षीपासून कामाची पद्धत बदलतेय. तुझं एकट्याचं रिटर्न मी आधीसारखंच करीन, पण फॉर्म १६ आणि फंडांची स्टेटमेंट्स २५ जूनपर्यंत हवीत. नंतर आलं तर मला जमणार नाही. वहिनींचं आणि सासऱ्यांचं नेहमीच्या फीमध्ये करीन. पुण्यातच कुणाकडे द्यायचं असेल तर दोन चांगली माणसं सुचवते, मागची सगळी कागदपत्रं त्यांना पाठवते.’

२५ जून अशासाठी, की कंपन्यांनी फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. दहा दिवस पुरतात.

त्याचं उत्तर, ‘एवढं काय औपचारिक?’ मी लिहिलं, ‘जुलैत घाईत चूक झाली तर नोटीस तुला येते, म्हणून.’ त्यावर अजून काही नाही. वहिनींनी मात्र स्वतः फोन करून फी विचारली आणि सासऱ्यांचे कागद धाडलेसुद्धा.

एक गोष्ट अजून करून घेतेय. तिघांच्याही आयकर पोर्टलवरच्या खात्यात मोबाइल नंबर आणि ईमेल माझाच नोंदवलेला आहे, तेव्हा सोय म्हणून टाकला होता. त्यामुळे खात्याचा प्रत्येक ओटीपी आणि प्रत्येक नोटीस माझ्याकडे येते, आणि त्याच्या घरचं सगळं माझ्याच डोक्यावर राहतं. वहिनींचा नंबर काल बदलून दिला. त्याचा बदलायला त्याच्याच मोबाइलवर आलेला ओटीपी लागेल. शनिवारी सात वाजता फोनवर बसू असं कळवलंय.